सिस्टीममध्ये १४, शेल्फवर शून्य

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकायची ट्रेनिंग, करावी लागते. कॉलेजच्या यादीत बँक होती, सीएचं ऑफिस होतं, एक जिनिंग होतं आणि तालुक्याच्या गावातलं एक मार्ट होतं. मी मार्ट घेतलं, कारण खरं सांगायचं तर ते एसटी स्टँडच्या समोरच आहे आणि आमच्या गावची शेवटची गाडी लवकर निघते. यवतमाळ जिल्हा, डिसेंबर महिना, कापसाची वेचणी जोरात, म्हणजे बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते अशा दिवसांत मी तिथं लागले. काम काय, तर सकाळी शेल्फ चेक, दुपारी मांडणी आणि संध्याकाळी विक्रीची नोंद वहीत लिहायची. ऐकायला सोपं वाटते, बरंचसं सोपं आहेही, पण साबणाच्या एका रॅकवर ही तिन्ही कामं एकमेकांत अशी गुंतलेली निघाली की तेच सविस्तर लिहिते.

आधी शेल्फ चेक कसा करतात ते. फ्लोअरवरच्या सुपरवायझर ताईंनी पहिल्याच सकाळी सांगितलं, "माल पाहू नको, आधी लेबल पाय." तेव्हा काही समजलं नाही. रॅकच्या प्रत्येक पट्टीच्या कडेला किमतीचं लेबल असते, नाव, वजन, किंमत आणि बारकोडचा नंबर. आमच्याकडे ते त्या वस्तूच्या डाव्या कडेला लावतात, म्हणजे लेबलपासून उजवीकडे पुढचं लेबल येईपर्यंत तीच वस्तू असायला पाहिजे. तुम्ही नुसता माल पाहत गेले तर रॅक भरलेला दिसतो आणि तुम्ही पुढे निघून जाता. लेबल पाहून गेले तर कळते की इथं लेबल एकाचं आहे आणि वर ठेवलेलं दुसरंच काहीतरी आहे. कारण कोणतीही वस्तू संपली की फ्लोअरवरचे पोट्टे बाजूचा माल पसरवून ती जागा झाकून टाकतात. वाईट हेतूनं नाही, रिकामी जागा दिसली की दुकानाचे सर ओरडतात म्हणून. पण त्यानं होते असं, की वस्तू संपली हे कोणाच्याच डोळ्याला दिसत नाही, ऑर्डर देणाऱ्याच्याही नाही.

म्हणून डावीकडून उजवीकडे, वरच्या पट्टीपासून खाली, एक एक लेबल वाचत जायचं. लेबलच्या वर तीच वस्तू आहे का, लेबलवरची किंमत आणि पुड्यावरची एमआरपी जुळते का, मागे नवीन तारखेचा आणि पुढे जुन्या तारखेचा माल आहे का (हे नेहमी उलटं सापडते, कारण माल भरताना मागे हात घालायचा कंटाळा येतो), फुटलेलं-गळलेलं काही आहे का, आणि मागचा माल पुढे ओढायचा. हे सगळं दुकान उघडायच्या आधी आणि पहिल्या तासाभरात होते, नंतर गर्दीत जमत नाही.

आता विक्रीची नोंद. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काय किती विकलं हे सगळं असतेच, मग वही कशाला, असं मलाही वाटलं होतं. वहीत जे लिहायचं ते सॉफ्टवेअरमध्ये नसते. तारीख, वार, बाजार होता का, काय किती वाजता संपलं, आणि शेवटचा रकाना "विचारून परत गेले". या शेवटच्या रकान्यात गिऱ्हाईकानं जे मागितलं आणि मिळालं नाही ते, जसं मागितलं तसंच लिहायचं. "मोठ्या तोंडाचं खोबरेल", "निळा पुडा छोटा", "फल्ली तेल खुल्लं हाय का". सॉफ्टवेअरला फक्त जे बिलावर आलं ते माहीत असते. जे मागितलं आणि दिलंच नाही त्याचं बिल कुठून येणार.

तर झालं असं, की बाजाराच्या दिवशी वेचणीच्या बाया आल्या, त्यातल्या एका मावशीनं विचारलं, "चंदनचा नाई का वो बाई? लिंबाचाच हाय सगळा." मी रॅककडे पाहिलं, साबण भरपूर दिसत होते, म्हटलं असेल मागे, पाहते. मागे पण लिंबाचाच. वहीत लिहिलं "चंदन साबण". त्याच दिवशी आणखी दोघींनी विचारलं, तेही लिहिलं. संध्याकाळी वही मागे चाळली तर आधीच्या आठवड्यातही ताईंच्या अक्षरात चंदन साबण दोनदा लिहिलेला. मग सकाळी शेल्फ चेकला लेबल वाचलं तर पाच रांगांपैकी दोन रांगांखाली लेबल चंदनचं होतं आणि वर ठेवलेला सगळा लिंबाचा. एकच कंपनी, एकच वजन, एकच किंमत, खोकी पण सारखीच, फक्त रंग वेगळा.

आता संपला तर ऑर्डर का नाही गेली? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला एक पातळी ठरवलेली असते, या साबणाला ८. स्टॉक ८ च्या खाली गेला की ती वस्तू ऑर्डरच्या यादीत आपोआप येते आणि डिस्ट्रिब्युटरचा माणूस त्याच्या ठरलेल्या वारी आला की सर ती यादी त्याला देतात. चंदनचा स्टॉक सिस्टीममध्ये दाखवत होता १४. म्हणजे सिस्टीमच्या हिशोबानं माल आहे, ऑर्डरची गरजच नाही, आणि असंच चालू राहिलं असतं तर ती कधीच गेली नसती. कारण माल नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून १४ चा आकडा कमी होत नाही, आणि आकडा कमी होत नाही म्हणून माल येत नाही.

सिस्टीममध्ये आहे आणि शेल्फवर नाही असं सापडलं की लगेच "चोरी झाली" म्हणायचं नसते, आधी शोधायचं असते. गोदामात चुकीच्या खोक्यात, बिलिंगजवळच्या परत आलेल्या मालाच्या टोपलीत, रॅकच्या टोकावरच्या मांडणीत, आणि दुसऱ्याच रॅकवर (लोकं वस्तू उचलतात, पुढे जाऊन मन बदलते, तिथंच ठेवून देतात, मला तूर डाळीच्या मागे टूथपेस्ट सापडली आहे). सगळीकडे पाहिलं, चंदन एकही नाही. तेव्हा ताई म्हणाल्या, "आता त्याचा भाऊ पाय." म्हणजे लिंबाचा.

लिंबाचे शेल्फवर आणि गोदामात मिळून मोजले तर ९. सिस्टीममध्ये पाहिलं तर उणे ३. मला वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलं, शेल्फवर डोळ्यासमोर नऊ साबण आणि कॉम्प्युटर म्हणते उणे तीन. ताई हसल्या, म्हणाल्या हेच तर पाहिजे होतं.

याचं कारण बिलिंग काउंटरवर होतं. बाजाराच्या दिवशी लाईन दारापर्यंत असते, एका बाईनं तीन चंदन आणि एक लिंबू असे चार साबण आणले, बिलिंगवाला दादा वरचा एक उचलतो, स्कॅन करतो, आणि संख्या ४ टाकतो. किंमत सारखीच आहे, बिल बरोबर येते, गिऱ्हाईक खुश, गल्ला संध्याकाळी पैशाला पैसा जुळतो. पण सिस्टीममधून चार लिंबाचे गेले आणि चंदन एकही नाही गेला. असं रोज थोडं थोडं झालं की एकाचा स्टॉक कागदावर फुगतो आणि दुसऱ्याचा उणेमध्ये जातो. आमच्या दुकानात तो वरचा साबण बहुतेक लिंबाचाच असायचा, कारण तो नजरेच्या पट्टीवर होता आणि टोपलीत शेवटी पडायचा, निदान दादाचं म्हणणं तसं.

मग ताईंनी मला हिशोब करायला बसवलं, कॅल्क्युलेटर नाही, वहीवरच. नोव्हेंबरच्या मधात दुकानाची पूर्ण मोजणी झाली होती. तेव्हापासून पाहायचं.

चंदन तेव्हा प्रत्यक्ष १० होते, नंतर आले २४, म्हणजे ३४. आज शून्य. म्हणजे दुकानातून ३४ गेले. बिलावर मात्र २० च आहेत, म्हणून सिस्टीममध्ये १४ उरले.

लिंबू तेव्हा १२ होते, नंतर आले २४, म्हणजे ३६. आज ९ आहेत, म्हणजे गेले २७. बिलावर आहेत ३९, म्हणून उणे ३.

दोन्ही मिळून गेले ६१ आणि बिलावर ५९. म्हणजे कमीत कमी १२ साबणांची नुसती नावं बदलली आणि २ साबण खरंच हिशोबात नाहीत. ते दोन चोरीला गेले, उंदरानं कुरतडून कोणी फेकले की डिस्ट्रिब्युटरकडून खोक्यातच कमी आले, ते आता सांगता येत नाही, आणि ते दोन्ही चंदनचे होते की एक-एक, हेही नाही सांगता येत. पण १४ साबणांची चोरी आणि २ साबणांचा घोळ यात किती फरक आहे. पहिल्या आकड्यावर एखाद्या पोट्ट्याची नोकरी जाऊ शकते.

आणि आता मांडणीचा भाग, ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं. सरांनी त्याच आठवड्यात विक्रीचा रिपोर्ट काढला होता, त्यात लिंबू ३९ आणि चंदन २०. त्यांनी ठरवलं होतं की लिंबाला पाचपैकी चार रांगा द्यायच्या आणि चंदनला एक. रिपोर्टवरून पाहिलं तर निर्णय बरोबरच होता. जो जास्त विकतो त्याला जास्त फेसिंग (फेसिंग म्हणजे समोरून दिसणारी एक रांग, मागे कितीही असो). पण दुकानातून गेलेल्या मालाचा हिशोब सांगत होता चंदन ३४, फार तर ते हरवलेले दोन वजा करून ३२, आणि लिंबू २७ च्या आसपास. त्यातही चंदन बरेच दिवस शेल्फवर नव्हताच, तरी पुढे. जो लिंबू विकला त्यातला काही तर चंदन नाही म्हणून नाइलाजानं घेतलेला. मी ती मावशी आठवून हे म्हटलं, तर सर म्हणाले हे वहीत लिहिलं आहे का? लिहिलं होतं. पाचही नोंदी दाखवल्या, तारखेसकट.

इंटर्नला स्टॉक दुरुस्त करायचा अधिकार नसतो आणि नसायलाच पाहिजे, ते सरांच्या पासवर्डनं होते. त्यांनी चंदन १४ वरून ० केला, लिंबू उणे ३ वरून ९ केला, कारण लिहिलं "बिलिंगमध्ये प्रकार बदल", आणि २ ची वेगळी नोंद "कमी" म्हणून टाकली. शून्य केल्याबरोबर चंदन ऑर्डरच्या यादीत आला.

माल आल्यावर रॅक मी लावला. आधी साबण आडवे होते, म्हणजे नजरेच्या पट्टीवर पूर्ण लिंबू आणि त्याच्या खालच्या पट्टीवर लिंबू-चंदन मिळून. ताईंनी उभी मांडणी करायला लावली, वरपासून खालपर्यंत तीन रांगा चंदन आणि बाजूला दोन रांगा लिंबू. याचा फायदा असा की दोन्ही प्रकार नजरेच्या पट्टीवरही येतात आणि हाताच्या पट्टीवरही. पुस्तकात नजरेची पट्टी सांगताना उंची देतात, पण आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायांना ती वर पडते, त्यांचा हात कमरेपासून छातीपर्यंतच्या पट्टीवर जातो. शिवाय उभ्या मांडणीत चंदनच्या पिवळ्या पट्ट्यात एखादा हिरवा खोका घुसला तर लांबून दिसतो, म्हणजे पसरवून जागा झाकायची सोयच राहत नाही. मला तर हाच मोठा फायदा वाटला. कंपनीचा मर्चंडायझर येऊन गेला की आपल्या मालाची एखादी रांग वाढवून जातो ते वेगळं, तो गेल्यावर लेबल पाहून परत लावायचं.

आणखी एक, मांडणी फार परफेक्ट झाली तरी माल हलत नाही. संक्रांतीसाठी रॅकच्या टोकावर तीळ, गूळ आणि वाणाच्या छोट्या स्टीलच्या वाट्या लावायच्या होत्या. मी वाट्यांचा मस्त मनोरा रचला, फोटो पण काढला. बाया येत, पाहत, "छान लावलं वो" म्हणत आणि पुढे जात. एकीनं सांगितलं, "हात लावला का पडन ना ते सारं." वरच्या दोन-चार वाट्या काढून खाली सुट्या ठेवल्या, बाजूला एक टोपली ठेवली, किंमत मोठ्या अक्षरात लिहिली, तेव्हा कुठे उचलायला लागल्या. ज्यांनी आयुष्यभर किराणा दुकानात काउंटरच्या या बाजूला उभं राहून माल मागितला त्यांना भरलेल्या रॅकमधून स्वतः काढायला संकोच होतो, तिथून आधीच कोणीतरी घेतलं आहे असं दिसलं पाहिजे.

वहीचा दुसरा उपयोग सांगते, "किती वाजता संपलं" या रकान्याचा. कपड्याच्या पावडरचा दहा रुपयांचा पुडा. बाजाराच्या दिवशी २४ पुडे लावले होते, २४ विकले. रिपोर्ट पाहिला तर वाटते वा, बरोबर तेवढाच माल होता. वहीत लिहिलं होतं, दीड वाजता संपले. आता आमच्याकडे वेचणीचा चुकारा बाजाराच्या दिवशीच होतो, बाया शेतमालकाकडून पैसे घेऊन दुपारी तीननंतर बाजारात येतात, म्हणजे खरी गर्दी सुरू व्हायच्या आधीच पुडा संपलेला. पुढच्या बाजाराला ६० लावले, ५१ गेले आणि संध्याकाळी ९ उरले. हा ५१ चा आकडा विश्वासाचा, कारण माल उरला होता. जो माल संपून गेला त्याचा आकडा फक्त एवढंच सांगतो की मागणी कमीत कमी इतकी होती. आणि या ५१ ची तुलना पुढच्या बाजाराच्या दिवसाशीच करायची, दुसऱ्या दिवशीच्या विक्रीशी केली तर धंदा बसला असंच वाटन.

मोठ्या तोंडाच्या खोबरेल तेलाचं पण तसंच होतं. खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली गोठते, डिसेंबरात आमच्याकडे सकाळी स्वेटर काढवत नाही, तेल बाटलीत दगड. मग बाटली विकली जात नाही, लोकं बोट घालून काढता येईल अशी बरणी मागतात. रॅकवर मात्र उन्हाळ्याचीच मांडणी चालू होती, सहा रांगा बाटली आणि एक रांग बरणी. विक्रीच्या रिपोर्टमध्ये बरणी कमीच दिसणार, एकाच रांगेत माल राहणार किती. वहीत तीन-चार वेळा बरणी आल्यावर चार-तीन केलं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं की परत उलटं करायचं, हे ताईंनी कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलं आहे, नाहीतर बरण्या तशाच धूळ खात बसतात.

साबणाच्या भानगडीनंतर एक नवीन काम लागलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उणे स्टॉकची यादी काढायची. सॉफ्टवेअरमध्ये उणे बिलिंग बंद करता येते, म्हणजे स्टॉक शून्य दिसला की त्या वस्तूचं बिलच होत नाही. सरांनी ते चालू ठेवलं आहे, कारण बंद केलं तर लिंबू संपल्यावर दादा गर्दीत चंदन स्कॅन करून मोकळा होईल आणि मग कुठलाच आकडा बोंबलणार नाही. यादीत एखादी वस्तू उणे दिसली की तिच्याच किमतीचा, तिच्याच कंपनीचा दुसरा प्रकार कोणता ते पाहायचं आणि दोन्ही एकत्र मोजायचे. बिस्किटाचे क्रीमचे प्रकार, चिप्सचे पुडे, नूडल्स, अगरबत्ती, सगळी हीच जात. डाळ-तांदूळ यात सहसा येत नाहीत, तिथं किंमत वेगळी असते आणि चुकीचं स्कॅन झालं तर गिऱ्हाईकच ओरडते.

उणे दिसलंच म्हणजे प्रकार बदलला असंही नाही हां. कधी कधी माल आला, शेल्फवर लागला, विकलाही गेला आणि गोदामातल्यानं आवक चढवलीच नाही, तेव्हाही स्टॉक उणे जातो. ओळखायचं कसं, तर जोडीदार प्रकार मोजायचा. तो सिस्टीमपेक्षा प्रत्यक्षात कमी निघाला तर बिलिंगची अदलाबदल, आणि तो बरोबर निघाला तर डिस्ट्रिब्युटरचं चलन शोधायला गोदामात जायचं.

दादाला सांगून पाहिलं की प्रत्येक प्रकार वेगळा स्कॅन कर. तो म्हणतो, "हो न वो, करतो, पण बाजाराच्या दिवशी लाईन दाराबाहेर असते तेव्हा तूच बस अन् करून दाखव." त्याचंही खोटं नाही. आता एवढं ठरलं आहे की बाजार सोडून बाकीच्या दिवशी तो वेगळं स्कॅन करतो, आणि बाजाराच्या दिवशी साबण अन् बिस्किटं पिशवीत भरणाऱ्या पोराला प्रकार मोठ्यानं बोलायला लावलं आहे, "चंदन तीन, लिंबू एक", ते ऐकून दादा संख्या टाकतो. शाम्पूच्या पुड्यांना मात्र हे काही लागू पडत नाही, लडीतून चार-पाच रंगाच्या तोडून देतात, तेवढ्या कोण बोलत बसते, म्हणून उणेच्या यादीत शाम्पू अजूनही सगळ्यात वर असतो आणि तो दर आठवड्याला हातानंच मोजावा लागतो.